धोट्याचा वेग आणि बारा फ्लिप-फ्लॉपची रांग: एका रिपल काउंटरचं प्रकरण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागाच्या धोट्याचा वेग मोजायचा होता. धोटा हळू गेला तर समोरच्या पेटीत वेळेत पोहोचत नाही आणि माग थांबतो. फार जोरात गेला तर पेटीवर आदळून परत उसळतो, कांडीवरचं सूत सुटतं आणि पिकिंगचा पट्टाही लवकर जातो. माग दुरुस्त ठेवणारा जॉबर हे आवाजावरून आणि पेटीवर हात ठेवून ओळखतो. मालकाला मात्र प्रत्येक मागाचा आकडा हवा होता. आमच्या कॉलेजातल्या दोन विद्यार्थिनींनी तो विषय मिनी-प्रोजेक्टला घेतला. अट अशी की काउंटर सुट्या चिपांचा बांधायचा, मायक्रोकंट्रोलरने फक्त आकडा वाचून दाखवायचा. (मायक्रोकंट्रोलरच्या आतला टायमर वापरला असता तर हे प्रकरण घडलंच नसतं, हे मान्य. पण मग डिजिटलच्या लॅबमध्ये शिकवायचं काय?)

मांडणी सोपी होती. मागाच्या हातावर, म्हणजे धोटा ज्याच्यावरून धावतो त्या पुढे-मागे हलणाऱ्या भागावर, 30 मिलिमीटर अंतराने दोन ऑप्टिकल सेन्सर बसवले. धोट्याचं टोक पहिल्यासमोर आलं की एक पल्स, दुसऱ्यासमोर आलं की दुसरी. धोटा सेकंदाला 12 मीटरने जात असेल तर दोन पल्समधला वेळ 2.5 मिलिसेकंद, म्हणजे 2500 मायक्रोसेकंद. 1 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टल ऑसिलेटरवर बारा बिटांचा CD4040 काउंटर सतत फिरत ठेवला. पहिल्या सेन्सरच्या पल्सवर काउंटरचा आकडा 74HC574 लॅचांच्या एका जोडीत पकडायचा, दुसऱ्याच्या पल्सवर दुसऱ्या जोडीत. वजाबाकी केली की थेट मायक्रोसेकंद. धोट्याची एका पेटीतून दुसऱ्या पेटीत एक धाव म्हणजे एक पिक. मोजणी फक्त डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या पिकाची, म्हणजे मिनिटाला 150 पिकांच्या मागावर 75 वाचनं.

वाचनं 2460 ते 2540 च्या दरम्यान येत होती, आणि तेवढा फरक धोट्यात असतोच. पण दोन-तीन मिनिटांत एखादं वाचन भलतंच यायचं. कधी 2370, कधी 2760, एकदा 1990. मुलींना पहिल्यांदा वाटलं, धोटाच तसा जातोय. जॉबरने ते एका वाक्यात निकालात काढलं: “ताई, मधेच एका पिकाला धोटा एवढा पळाला असता, तर पेटीत थांबला नसता, माझ्या अंगावर आला असता.”

मग संशय नेहमीच्या आरोपींवर गेला. मोटरचा नॉइज, अर्थिंग, सेन्सरवर बसलेली सुताची धूळ. केबल शिल्डेड केली, पुरवठ्यावर कपॅसिटर वाढवले, सेन्सर पुसले. फरक शून्य. नॉइजवर संशय घेण्यात चूक काही नव्हती. माग-शेडमध्ये दहापैकी आठ वेळा तोच सापडतो. पण काउंटर निर्दोष समजला गेला तो मात्र चुकीच्या पुराव्यावर. लॅबमध्ये 555 च्या संथ क्लॉकवर बारा एलईडी लावून काउंटर तपासला होता आणि तो एकेक आकडा अचूक मोजत होता. शिवाय 1 मेगाहर्ट्झचा क्लॉक ठराविक पल्स देऊन थांबवला की एलईडीवर तेवढाच आकडा उभा राहायचा. डेटाशीटही हेच सांगत होतं: 5 व्होल्टवर हा चिप काही मेगाहर्ट्झपर्यंत मोजतो. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. दोषाशी मात्र त्यांचा संबंध नाही, कारण तिन्ही ठिकाणी प्रश्न “मोजतो का?” हा आहे. इथे काउंटर धावत असताना वाचला जात होता.

दोष उघडा पडला तो टेबलावर. धोटा आणि माग बाजूला ठेवले आणि सर्किटला बरोबर 2500 मायक्रोसेकंद अंतराच्या पल्सच्या जोड्या दिल्या. धोट्याचा स्वतःचा चढउतार गेल्यावर वाचनं 2499, 2500, 2501 अशी यायला हवी होती, आणि बहुतेक तशीच आली. पण मधूनमधून 2502, 2504, 2496, 2508 येत होते. क्वचित 2372. त्याहून क्वचित 2756 किंवा 1988. हे आकडे 2500 मधून वजा करून पाहा: 2, 4, 8, 128, 256, 512. सगळे दोनाचे घात. मोटरच्या नॉइजला बायनरी येत नाही. चूक नेमकी दोनाच्या घाताइतकी असेल तर ती कुठल्या तरी बिटाच्या दारातच जन्मलेली असते, आणि तिथून पुढे फक्त काउंटरच उरतो.

CD4040 रिपल काउंटर आहे. त्याच्या बारा फ्लिप-फ्लॉपपैकी बाहेरचा क्लॉक फक्त पहिल्याला मिळतो. पहिल्याचं आउटपुट 1 वरून 0 वर गेलं की दुसरा बदलतो, दुसऱ्याचं खाली आलं की तिसरा, आणि असंच पुढे. म्हणजे हातचा एका फ्लिप-फ्लॉपमधून पुढच्यात सरकतो आणि प्रत्येक जण थोडा वेळ खातो. 5 व्होल्टवर क्लॉकपासून पहिल्या आउटपुटपर्यंत सुमारे 180 नॅनोसेकंद आणि तिथून पुढे प्रत्येक टप्प्याला सुमारे 100 नॅनोसेकंद धरा. उत्पादकानुसार आकडे बदलतात, आणि डेटाशीटमध्ये हमीचे म्हणून छापलेले कमाल आकडे याच्या दुपटीच्या आसपास असतात.

आता 2047 वरून 2048 वर जाताना काय होतं ते पाहू. 2047 म्हणजे अकरा एक. पुढच्या पल्सला ते अकराही शून्य व्हायचे आणि बारावा बिट एक व्हायचा. सिद्धांतात ही एक उडी आहे. पिनांवर ती अशी दिसते. डावीकडे क्लॉकच्या कडेपासून गेलेले नॅनोसेकंद, उजवीकडे त्या वेळी लॅचला दिसणारा आकडा:

```
   0 –  180    2047
 180 –  280    2046
 280 –  380    2044
 380 –  480    2040
 480 –  580    2032
 580 –  680    2016
 680 –  780    1984
 780 –  880    1920
 880 –  980    1792
 980 – 1080    1536
1080 – 1180    1024
1180 – 1280       1
1280 पासून     2049
```

शेवटच्या तीन ओळींवर थोडं थांबा. 1 मेगाहर्ट्झला क्लॉकची पुढची कड 1000 नॅनोसेकंदांना येते आणि 1180 ला पहिला बिट पुन्हा एक होतो. जुन्या पल्सचा हातचा तेव्हा अजून अकराव्या बिटाशी असतो. बारावा बिट 1280 ला उठतो, तोवर खाली नवी मोजणी सुरू झालेली. 2048 हा आकडा या काउंटरच्या पिनांवर कधी अवतरतच नाही. तरीही मोजणी चुकत नाही. एकही पल्स हरवत नाही, कारण प्रत्येक हातचा आपल्या वेळेने पोहोचतोच. क्लॉक थांबवून सव्वा मायक्रोसेकंदाने पाहिलं की आकडा बरोबर. एलईडीने “सगळं ठीक” सांगितलं ते यामुळे.

चुकीचा आकार आणि तिची वारंवारता यातूनच निघते. मधल्या स्थितीत खालचे काही बिट शून्य झालेले असतात आणि हातचा वर पोहोचलेला नसतो. म्हणून वाचन नेहमी खऱ्यापेक्षा कमी, आणि कमतरता बरोबर 2, 4, 8, 16… यांपैकी एक. पहिल्या लॅचने कमी वाचलं तर वजाबाकी वाढते, दुसऱ्याने कमी वाचलं तर घटते. म्हणून मागावर चूक दोन्ही बाजूंना दिसत होती. आता शक्यता. दर दुसऱ्या पल्सला हातचा पहिल्या बिटाच्या पुढे जातो, दर चौथ्याला दुसऱ्याच्या पुढे, दर आठव्याला तिसऱ्याच्या. प्रत्येक पुढच्या टप्प्याची खिडकी 100 नॅनोसेकंदांची. 1000 नॅनोसेकंदांच्या क्लॉकमध्ये 2 ची चूक पकडली जाण्याची शक्यता 5 टक्के, 4 ची अडीच, 8 ची सव्वा, अशी ती निम्मी होत जाते. सगळ्यांची बेरीज 10 टक्के. 64 किंवा त्याहून मोठी चूक मात्र हजारात जेमतेम तीन.

प्रत्येक पिकाला दोन लॅच, म्हणजे मोठी चूक हजारात सहा. मिनिटाला 75 वाचनं असतील तर साधारण दोन मिनिटांत एक, आणि मागावर नेमकं तेच दिसत होतं. त्याहून वाईट भाग असा की जवळपास दर पाचवं वाचन चुकीचं होतं, पण ती चूक 2, 4 किंवा 8 ची असल्याने धोट्याच्या नैसर्गिक चढउतारात बुडून जात होती. डोळ्यांना दिसलेला दोष हा खऱ्या दोषाचा अगदी छोटा तुकडा होता.

इथे वारंवारतेच्या मर्यादेचा प्रश्न येतो, आणि माझ्या मते पाठ्यपुस्तकं इथेच दोन वेगळ्या मर्यादांची गल्लत करतात. रिपल काउंटरची मोजण्याची मर्यादा फक्त पहिला फ्लिप-फ्लॉप ठरवतो. पुढच्या प्रत्येकाला निम्म्या-निम्म्या वेगाचा क्लॉक मिळत असल्याने ते निवांत असतात. डेटाशीटवरचा कमाल वारंवारतेचा आकडा या मर्यादेचा. त्याच्या मागे रांगेत चार फ्लिप-फ्लॉप असोत की चौदा, तो बदलत नाही. वाचण्याची मर्यादा वेगळी. पुढची कड येण्याआधी आकडा पूर्ण स्थिर व्हायचा असेल आणि लॅचलाही थोडा सेटअप वेळ द्यायचा असेल, तर

```
T ≥ t1 + (N − 1) × t + ts
```

इथे T म्हणजे क्लॉकचा आवर्तकाल, t1 पहिल्या टप्प्याचा विलंब, t पुढच्या प्रत्येकाचा, N बिटांची संख्या आणि ts लॅचचा सेटअप. आपल्या CD4040 ला 180 + 1100 + 20, म्हणजे 1300 नॅनोसेकंद. वारंवारता सुमारे 770 किलोहर्ट्झ. कमाल विलंब धरला तर 2600 नॅनोसेकंद, सुमारे 385 किलोहर्ट्झ. मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये डिझाइन करताना दुसराच आकडा धरावा, कारण सीमॉस चिप तापला की विलंब वाढतो आणि पुरवठा 5 व्होल्टच्या खाली घसरला की आणखी वाढतो. थोडक्यात, काही मेगाहर्ट्झ मोजणारा चिप धावता वाचायचा तर 1 मेगाहर्ट्झलाही पुरत नाही.

या सूत्रात एक गृहीत लपलेलं आहे: वाचन पुढच्या कडेच्या अगदी आधी होतं. वाचन क्लॉकशी बांधलेलं नसेल, धोट्यासारखं हवं तेव्हा येत असेल, तर कोणतीच वारंवारता सुरक्षित नाही. क्लॉक 1 किलोहर्ट्झवर आणला तरी प्रत्येक हातच्याला तेवढेच नॅनोसेकंद लागतात. खिडकी आवर्तकालाच्या तुलनेत लहान होते आणि चूक विरळ होते, इतकंच.

मुलींनी पहिला उपाय केला तो हेच शिकवून गेला. 74HC4040 हा त्याच पिनांचा वेगवान भाऊ. सॉकेटमधून जुना काढायचा, हा बसवायचा. याचा पहिला टप्पा सुमारे 14 नॅनोसेकंदांचा आणि पुढचे प्रत्येकी 8 चे, म्हणजे आकडा सुमारे 100 नॅनोसेकंदांत स्थिर. वरच्या सूत्राने वाचण्याची मर्यादा 8 मेगाहर्ट्झच्या आसपास जाते. (त्याच्या डेटाशीटवर मोजण्याचा आकडा सुमारे 90 मेगाहर्ट्झ छापलेला असतो. दोन मर्यादांमधला फरक याहून स्पष्ट कुठे दिसायचा!) 1 मेगाहर्ट्झला हे भरपूर वाटतं. पण सेन्सर अजूनही मनमर्जीने लॅच करत होते, त्यामुळे चूक गेली नाही. ती बारा पटींनी विरळ झाली, दोन मिनिटांऐवजी पंचवीस-तीस मिनिटांनी यायला लागली. टेबलावर पाच मिनिटं पाहून “झालं” म्हणावं इतकी विरळ. अशी दुरुस्ती मला मूळ दोषापेक्षा जास्त धोक्याची वाटते.

सिंक्रोनस काउंटर हा पुस्तकी उपाय, आणि तो त्यांनी ब्रेडबोर्डवर बांधूनही पाहिला. चार-चार बिटांचे तीन 74HC163. यात एकच क्लॉक बाराही फ्लिप-फ्लॉपना एकदम जातो. कोणी बदलायचं हे आधीच ठरलेलं असतं: खालचे सगळे बिट एक असतील तरच वरच्याने बदलायचं, आणि हा निर्णय गेट दोन कडांच्या मधल्या वेळात करून ठेवतात. क्लॉक आला की ज्यांना बदलायचंय ते सगळे एकाच वेळी बदलतात. हातच्याला वेळ इथेही लागतो, पण तो कडेच्या आधी, पडद्यामागे खर्च होतो. पिनांवर 1024 किंवा 1 असं भूत दिसत नाही.

मर्यादाही त्यामुळे बदलते. आता पाहायचं ते असं: पहिल्या चिपचा टर्मिनल काउंट, म्हणजे त्याचे चारही बिट एक झाल्याचा इशारा, तयार व्हायला सुमारे 21 नॅनोसेकंद, तो मधल्या चिपमधून पुढे जायला सुमारे 11, आणि तिसऱ्या चिपच्या एनेबल पिनवर सेटअप सुमारे 17. बेरीज 49, म्हणजे 20 मेगाहर्ट्झ. हमीचे आकडे घेऊन हे अडीचपट केलं तरी 8 मेगाहर्ट्झ उरतात. चिप वाढवत गेलं तर मधला 11 चा हप्ता दर चिपला वाढतो. म्हणजे साखळीने जोडलेला सिंक्रोनस काउंटरही साठणाऱ्या विलंबापासून पूर्ण मुक्त नाही. फरक असा की विलंब दर चार बिटांना एकदा साठतो, आणि साठला तरी आउटपुट एकत्रच बदलतात. त्यापलीकडे वेग हवा असेल तर सगळ्या खालच्या बिटांचं अँड एकाच वेळी घेणारी लुक-अहेड रचना करावी लागते. तिथे गेट वाढतात आणि खालच्या बिटांवर भार वाढतो.

आणि सिंक्रोनस काउंटर बसवल्यावरही एक काम बाकी राहतं. बारा आउटपुट “एकदम” बदलतात म्हणजे काही नॅनोसेकंदांच्या फरकाने बदलतात. सेन्सरची पल्स नेमकी त्या क्षणी आली तर लॅच अर्धे जुने, अर्धे नवे बिट उचलू शकतो. म्हणून सेन्सरची पल्स आधी त्याच क्लॉकवरच्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यायची आणि लॅच क्लॉकच्या विरुद्ध कडेवर करायचा. मग वाचन नेहमी आवर्तकालाच्या मध्यावर पडतं, जिथे सगळं केव्हाच शांत झालेलं असतं. किंमत एक-दोन मायक्रोसेकंदांचा उशीर. तोही दोन्ही सेन्सरना सारखाच, त्यामुळे वजाबाकीत गळून पडतो. सिंक्रोनस काउंटर घेतला म्हणजे झालं, असं समजून ही पायरी गाळणारे बरेच दिसतात.

मागावर मात्र शेवटी यातलं काहीच बसवलं नाही. CD4040 च परत लावला, पण त्याला सतत फिरवायचं बंद केलं. क्लॉक आणि काउंटर यांच्यामध्ये एक अँड गेट घातला. पहिला सेन्सर एक फ्लिप-फ्लॉप सेट करून गेट उघडतो, दुसरा तो रिसेट करून बंद करतो. मोजणी थांबते, हातचा सव्वा मायक्रोसेकंदात शेवटपर्यंत पोहोचतो, आणि पुढच्या मोजायच्या पिकाला अजून 800 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ असतो. चारही लॅच निघाले. मायक्रोकंट्रोलर निवांत वाचतो. गेट क्लॉकच्या मध्येच उघडतो किंवा बंद होतो, त्याने एका काउंटचा फरक पडतो, आणि 2500 मध्ये तो कुणाच्या खिजगणतीत नाही. साठणारा विलंब गेला नाही. तो अशा वेळी संपतो जेव्हा कोणी पाहत नसतं.

यात मागाकडून एक अडचण आली. परतीच्या पिकाला धोटा उलट येतो, म्हणजे आधी दुसरा सेन्सर, मग पहिला. गेट उघडा राहायचा आणि पुढचं वाचन कचरा व्हायचं. उपाय जॉबरने सुचवला. मागाची खालची शाफ्ट दोन पिकांना एकदाच फिरते. तिच्यावर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर लावला, तो डावीकडून सुटणाऱ्या पिकाच्या जरा आधी काउंटर शून्य करतो आणि गेटला परवानगी देतो. परतीच्या पिकाला परवानगीच नाही.

बारा बिटांचा काउंटर 4096 मायक्रोसेकंदांना भरून पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे सेकंदाला सुमारे 7.3 मीटरपेक्षा मंद धोटा अतिवेगवान दिसेल. म्हणून बाराव्या बिटाच्या पडत्या कडेवर एक जादा फ्लिप-फ्लॉप सेट होतो आणि स्क्रीनवर आकड्याऐवजी “मंद” उमटतं. इथे ग्लिचची भीती नाही, कारण रिपल काउंटरचा एकेक बिट स्वतंत्रपणे घेतला तर तो स्वच्छच असतो. घोळ होतो तो अनेक बिट एकाच क्षणी एकत्र वाचताना. कारखान्यात हे “मंद” पहिल्यांदा उमटलं तेव्हा पिकिंगचा पट्टा ताणून सैल झालेला निघाला.